बोलवावं, ओढू नये

चांगला माणूस कंपनी सोडून जातो. त्याच्या जागी एक येतो, मग दुसरा येतो, आणि वर्ष-दीड वर्षानं मालकाच्या किंवा मॅनेजरच्या मनात येतं की जुन्यालाच परत विचारून पाहावं का? हा विचार मला चांगला वाटतो. पण आपल्याकडे तो अमलात येतो तो दोनच पद्धतींनी. एक तर ‘गेला तो गेला’ म्हणून विषय मिटवला जातो, नाही तर निरोपांवर निरोप धाडून, जुन्या ओळखीची शपथ घालून माणसाला अक्षरशः खेचून आणलं जातं. या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे आपुलकीनं, मोकळेपणानं, नकाराला पूर्ण जागा ठेवून विचारणं. तो रस्ता सभ्यपणाचा आहे हे कुणीही मान्य करील. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. दबाव न आणता विचारलं, तरच परत आलेला माणूस टिकेल की नाही हे कंपनीला आधी कळू शकतं. दबावाखाली मिळालेल्या होकारातून ते कधीच कळत नाही, आणि कंपनीचं खरं नुकसान तिथेच होतं.

हे नुसतं मत नाही. परतलेल्या कर्मचाऱ्यांवर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत, कारण वरवर पाहता ते एकमेकांविरुद्ध बोलतात. पहिला एका मोठ्या आरोग्यसेवा संस्थेतला. त्यात आठ वर्षांच्या काळातले दोन हजारांहून अधिक परतलेले कर्मचारी आणि सुमारे अकरा हजार नवे कर्मचारी यांची तुलना केली होती. परतलेल्यांचं काम नव्यांपेक्षा सरस ठरलं, विशेषतः सुरुवातीच्या काळात, आणि ज्या कामांत चार विभागांशी जुळवून घ्यावं लागतं तिथे जास्त. दुसरा अभ्यास एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीतल्या व्यवस्थापकांचा. तिथे दिसलं ते असं : परतलेल्या व्यवस्थापकांचं काम जाण्याआधी होतं साधारण तसंच राहिलं, बाकीच्यांचं मात्र काळाबरोबर सुधारत गेलं. आणि परतलेले लोक पुन्हा सोडून जाण्याचं प्रमाण इतरांहून जास्त होतं. ते पुन्हा गेले, ते पुष्कळदा पहिल्यांदा गेले होते तशाच कारणांनी.

या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. जुना माणूस लगेच कामाला लागतो, कारण स्टोअरमध्ये कुणाला विचारायचं, कुठल्या ग्राहकाला कुठला कागद लागतो, कुणाच्या सहीवाचून गाडी गेटबाहेर पडत नाही, हे त्याला शिकवावं लागत नाही. पण माणूस जसा कंपनीला ओळखतो, तशी कंपनीही जुनीच असते. ज्या गोष्टीनं तो आधी वैतागला, ती तशीच असेल तर तो पुन्हा वैतागणार. म्हणून ‘तो चांगला होता का’ एवढंच विचारून भागत नाही. तो का गेला आणि ते कारण आज उरलं आहे का, हे आधी पाहावं लागतं. २०१४च्या आणखी एका अभ्यासात असं आढळलं होतं की परत येणारे बहुधा आयुष्यातल्या एखाद्या घटनेमुळे गेलेले असतात : बाळंतपण, जोडीदाराची बदली, अचानक चालून आलेली संधी. कामावर नाराज होऊन गेलेले सहसा परतत नाहीत. म्हणजे पहिल्या प्रकारच्या माणसाला नुसतं विचारलं तरी चालतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला विचारायचं, तर आधी कंपनीला स्वतःत काही बदलावं लागतं.

अवघड प्रकारचंच एक उदाहरण रचून पाहू. समजा, भोसरीच्या एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग बनवणारा ऐंशी माणसांचा कारखाना आहे. तिथल्या क्वालिटी इन-चार्ज बाई सहा वर्षं काम करून दोन वर्षांपूर्वी सोडून गेल्या. राजीनाम्यात कारण लिहिलं होतं ‘व्यक्तिगत’. शॉपवरच्या प्रत्येकाला खरं कारण माहीत होतं. महिनाअखेरीला डिस्पॅचचा आकडा गाठायचा म्हणून त्यांनी रिजेक्ट केलेला माल प्रॉडक्शन मॅनेजर सोडायला लावायचे, आणि क्वालिटी विभाग त्यांच्याच हाताखाली असल्यामुळे बाईंचं काही चालायचं नाही. ग्राहकाकडून तक्रार आली, की उत्तर मात्र त्यांनीच द्यायचं. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना लागू असलेलं आयएटीएफ १६९४९ हे मानक तर स्पष्ट सांगतं की मालाच्या योग्यतेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना माल रोखण्याचा आणि गरज पडल्यास उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे. कागदावर तो अधिकार होता, रोजच्या कामात नव्हता. आज त्या कारखान्यात तक्रारी वाढल्या आहेत, ऑडिट तोंडावर आलं आहे, आणि संचालकांना बाईंची आठवण होते आहे.

अशा वेळी हात आधी फोनकडे जातो. तो थोडा थांबवावा. संचालकांनी पहिलं काम करायचं ते कारखान्याच्या आत. क्वालिटी विभाग प्रॉडक्शनच्या हाताखालून काढून थेट आपल्याकडे घ्यायचा, आणि रिजेक्ट माल सोडायचा असेल तर ग्राहकाची लेखी परवानगी लागेल हा नियम दोन-तीन महिनाअखेरी खरोखर पाळून दाखवायचा. ‘तुम्ही आलात की बदलू’ हे आश्वासन इथे चालत नाही, कारण अशी आश्वासनं त्यांनी सहा वर्षांत भरपूर ऐकलेली असतात. दुसरं काम म्हणजे दोन माणसांशी बोलणं. एक ते प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांच्यापासून लपवून बाईंना आणलं, तर पहिल्याच आठवड्यात जुना वाद नव्यानं सुरू होईल. दुसरा तो तरुण इंजिनिअर, जो बाईंच्या हाताखाली शिकला आणि त्या गेल्यावर इन-चार्ज झाला. त्याला ही बातमी बाहेरून कळली तर तो दुसरीकडे अर्ज करायला लागेल, आणि एक माणूस परत आणताना कंपनी दुसरा घालवील. कारखाना वाढला असेल तर कामाची वाटणी करता येते. येणारा कच्चा माल आणि लाइनवरची तपासणी त्याच्याकडेच राहावी, ग्राहकांची ऑडिट्स आणि संपूर्ण व्यवस्था बाईंकडे जावी. हे त्याच्याशी बोलून ठरलं नसेल, तर आमंत्रणाची वेळ अजून आलेली नाही.

मग विचारायचं कुणी? ज्याच्यावर त्यांचा विश्वास होता त्यानं. इथे ते संचालक असू शकतात, कारण विभाग आता त्यांच्या हाताखाली आहे. एचआरच्या नव्या मुलीनं यादीतला नंबर म्हणून फोन करू नये, आणि ज्यांच्यामुळे त्या गेल्या त्यांनी तर नाहीच. निरोप त्यांच्या खासगी नंबरवर, कामाच्या वेळेबाहेर जावा. आजच्या कंपनीच्या ईमेलवर पाठवला तर त्यांची तिथली नोकरी आपण अडचणीत आणतो. थेट फोन लावण्याआधी एक छोटा संदेश पुरतो : ‘नमस्कार मॅडम. क्वालिटी विभाग गेल्या चार महिन्यांपासून थेट माझ्याकडे आहे. ग्राहकांची ऑडिट्स आणि सिस्टिम पाहणारं एक पद नव्यानं तयार करतो आहोत आणि तुमचं नाव पहिलं आठवलं. ऐकून घ्यायची इच्छा असेल तर सोयीची वेळ कळवा. नसेल तर तेही मोकळेपणानं सांगा, मला वाईट वाटणार नाही.’ यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. बदल झालेला आहे हे कळतं, पद कोणतं ते कळतं, आणि नाही म्हणण्याचा रस्ता पहिल्याच निरोपात खुला राहतो. बोलणं होईल तेव्हा जे बदललेलं नाही तेही सांगावं. प्रॉडक्शन मॅनेजर तेच आहेत आणि शनिवारची सुट्टी अजून नाही, हे त्यांना आधी आपल्याकडून कळायला हवं.

आपुलकी खरी आहे की बोलण्यापुरती, हे पैशाच्या हिशेबात दिसतं. पगाराचा आकडा पहिल्याच बोलण्यात द्यावा. ‘तुम्ही घरच्याच आहात, आकड्याचं काय, बसून ठरवू’ असं म्हणणं प्रेमळ वाटतं, पण त्यामुळे घासाघीस करण्याचा संकोच समोरच्याच्या माथी येतो. दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. ती अनेकांच्या ध्यानातच येत नाही. बाई गेल्या तेव्हा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये होते. कायद्याचा हिशेब असा : महिन्याच्या या रकमेला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि सेवेच्या पूर्ण वर्षांनी गुणायचं. म्हणजे त्यांना सहा वर्षांचे ९०,००० रुपये मिळाले. आता दोन वर्षांच्या खंडानंतर त्या परत आल्या, तर कायम नोकरीला लागणारी पाच वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. समजा नव्या पगारात ही रक्कम ३१,२०० रुपये आहे आणि त्या चार वर्षं पूर्ण करून काही कारणानं गेल्या. याच सूत्रानं त्या चार वर्षांचे ७२,००० रुपये होतात, पण पाच वर्षांच्या अटीमुळे ते देणं कंपनीला बंधनकारक राहत नाही. कायद्यापेक्षा चांगल्या अटी करारानं देण्याची मुभा मात्र कंपनीला असते. ‘पहिली सहा वर्षं आम्ही सलग धरतो, त्यामुळे दुसऱ्या खेपेला पाच वर्षांची अट लावणार नाही’ हे एक वाक्य नेमणूकपत्रात घातलं, तर तुमची जुनी सेवा आम्ही विसरलेलो नाही हे कागदावर उतरतं. भविष्यनिर्वाह निधीचं सोपं आहे. यूएएन क्रमांक तोच राहतो, मधल्या कंपनीतली रक्कम काढून न घेता वर्ग करून घ्यावी, एवढं त्यांना सांगायला हवं.

दबाव म्हणजे काय, हेही नीट पाहावं लागतं, कारण तो बहुतेक वेळा प्रेमाच्या रूपात येतो. जुन्या चार सहकाऱ्यांना एकामागून एक फोन करायला लावणं हा दबाव आहे. मिठाईचा पुडा घेऊन घरी जाणं आणि नवऱ्यासमोर किंवा सासूबाईंसमोर विषय काढणं हा दबाव आहे. ‘तुमच्याशिवाय इथलं चालत नाही’ हे कौतुक वाटतं, पण त्यानं कंपनीच्या अडचणीचं ओझं त्यांच्या खांद्यावर जातं. ‘आम्हीच तुम्हाला शिकवलं’ याची आठवण करून देणं तर सरळ वसुली आहे, कारण त्या शिकवण्याची फेड त्यांनी सहा वर्षं काम करून केलेली असते. सर्वांत धोक्याचा दबाव म्हणजे ‘सोमवारपासून या, तिथल्या नोटिशीचं आम्ही बघू’. आजच्या मालकाशी त्यांनी करार केलेला आहे. भारतीय करार कायद्याचं २७वं कलम नोकरी सोडल्यानंतर माणसाच्या व्यवसायावर घातलेली बंधनं निरर्थक ठरवतं, पण कराराच्या काळातली बंधनं वेगळी. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्यानं पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून दुसऱ्या रेयॉन कंपनीत काम धरलं, तेव्हा कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती त्याच्यावर घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली कायम ठेवली होती. म्हणून तिथली नोटीस पूर्ण भरू द्यावी. नोटीस मोडून येणारा माणूस उद्या आपलीही मोडू शकतो, एवढं तरी मालकानं लक्षात घ्यावं.

यावर एक आक्षेप आपल्या रीतीभातीतून येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आग्रहाशिवाय आमंत्रण कोरडं वाटतं. पंगतीत वाढणाऱ्यानं एकदाच विचारून पुढे गेलं, तर पाहुण्याला ते रुसण्यासारखं होतं. मग नोकरीला बोलावताना एकदाच विचारून गप्प बसायचं, हा परकेपणा नाही का? मला वाटतं, पंगतीतला आग्रह शोभतो कारण तिथे नको म्हणण्याची किंमत काही नसते, आणि हो म्हटल्यानं फार तर एक लाडू जास्त होतो. नोकरी बदलण्यात मुलांची शाळा, घराचा हप्ता, आजच्या जागी दिलेला शब्द हे सगळं पणाला लागतं. तिथे आग्रह समोरच्याच्या विचारशक्तीवर चढून बसतो. मात्र या आक्षेपातलं खरं तेवढं घ्यायला हवं : आपण एकदाच विचारलं तर ते नाममात्र होतं असं वाटू शकतं. त्यावर उपाय असा की विचार करायला तीन आठवडे द्यावेत, तारीख सांगून ठेवावी, आणि त्या तारखेला आपण स्वतः एक फोन करावा. त्यापुढे नाही. मधल्या काळात त्यांना कारखान्यात येऊन नव्या पद्धतीनं चाललेलं काम पाहायचं असेल, त्या तरुण इंजिनिअरशी एकांतात बोलायचं असेल, तर दार उघडं ठेवावं. ऊब दाखवायला एवढी जागा पुरते.

दुसरा आक्षेप कंपनीत राहिलेल्यांकडून येतो. आम्ही पडत्या काळात टिकलो, पगारवाढ लांबली तरी गेलो नाही, आणि जे गेले त्यांना आता जास्त पैसे देऊन परत आणताय, मग निष्ठेला अर्थ काय? ही तक्रार रास्त आहे आणि तिला भाषणानं उत्तर देता येत नाही. बाईंचा पगार ६०,००० ठरत असेल आणि तो तरुण इन-चार्ज ४८,०००वर असेल, तर बाई रुजू होण्याआधी त्याचा आढावा व्हायला हवा. बाजारभावानं त्याचं काम ५५,००० चं असेल तर ते त्याला मिळायला हवेत. परतणाऱ्यासाठी तिजोरी उघडते आणि राहिलेल्यासाठी उघडत नाही, असं दिसलं तर लोक पगार वाढवायचा रस्ता म्हणून राजीनामा द्यायला शिकतील. त्यांना तो रस्ता कंपनीनंच दाखवलेला असेल. दोन्ही पगार परवडत नसतील तर कंपनीनं आमंत्रणच देऊ नये. आणि गेलेल्यानं विश्वासघात केला हे म्हणणं मला मान्य नाही. नोटीस पूर्ण करून, काम नीट सोपवून गेलेल्या माणसानं करार पाळलेला असतो. त्याच्याशी असलेला हिशेब चुकता झालेला आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. ऑडिट पुढच्या महिन्यात आहे, आम्हाला तीन आठवडे थांबायला आणि वर दोन महिन्यांची नोटीस भरू द्यायला वेळ कुठे आहे? याचं उत्तर कडक आहे, पण खरं आहे : पुढच्या महिन्याच्या ऑडिटसाठी जुन्या माणसाला कायमचं परत बोलावणं हा चुकीचा उपाय आहे. त्यासाठी बाहेरचा सल्लागार घ्यावा आणि त्याचे पैसे द्यावेत. घाईत बोलावलेला माणूस ती आग विझवतो, आणि आग विझल्यावर आपण नेमके कशासाठी आलो हा प्रश्न त्याला पडतो. वर उल्लेख केलेल्या अभ्यासातले लोक जुन्याच कारणांनी पुन्हा गेले, ते याच वाटेनं गेले असावेत असं मला वाटतं. शिवाय दबाव नसेल तर नकारसुद्धा उपयोगी पडतो. मोकळेपणानं विचारलेला माणूस नाही म्हणताना खरं कारण सांगतो. ‘विभाग तुमच्याकडे आला हे चांगलं झालं, पण संध्याकाळी सातच्या आधी निघता येत नाही, आणि माझी मुलगी आता पहिलीत आहे’ असं बाईंनी सांगितलं, तर राजीनाम्यातल्या ‘व्यक्तिगत’ या शब्दापेक्षा कितीतरी जास्त कंपनीला समजलं. त्या वेळेचा विचार पुढच्या उमेदवारासाठी आता करता येतो. रेटून होकार घेतला असता तर हेच कारण आठ महिन्यांनी दुसऱ्या राजीनाम्याच्या रूपानं आलं असतं.

होकार आला तरी काम संपत नाही. परतलेल्याला ‘तुम्हाला तर सगळं माहीतच आहे’ म्हणून पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसवलं जातं. दोन वर्षांत मशिनं बदललेली असतात, ग्राहक बदललेले असतात, अर्धी माणसं नवी असतात. नव्या माणसाला देतो तेवढेच दिवस त्यांनाही समजून घ्यायला द्यावेत. आणि तीन महिन्यांनी संचालकांनी स्वतः एक प्रश्न विचारावा : ज्यासाठी तुम्ही गेला होतात, ते पुन्हा घडलं का? घडलं असेल, तर महिनाअखेरीला रिजेक्ट माल कुणी सोडला याचं रजिस्टर त्याच दिवशी मागवावं.

म्हणून ज्यांच्या हातात माणसं घेण्याचा अधिकार आहे त्यांना माझं सांगणं एवढंच आहे : जुन्या चांगल्या माणसाला जरूर विचारा, संकोच करू नका. पण त्याआधी तो का गेला ते कारण कागदावर लिहा आणि आज ते कारण उरलेलं नाही हे कशावरून, तेही त्याखाली लिहा. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर फोन उचलू नका. आधी ती दुरुस्ती करा.